मुळं उशिरा, टोकं लगेच : केसांची पोरॉसिटी ओळखून रंग कसा लावायचा

घरी केस रंगवणाऱ्या बायकांची एक तक्रार मला पार्लरमध्ये दर आठवड्याला ऐकू येते. "टोकं काळीकुट्ट झाली आणि मुळांशी मात्र चॉकलेटी दिसतंय." तीन आठवड्यांनी तीच बाई परत येते, तेव्हा टोकांचा रंग उतरून तांबूस झालेला असतो आणि कानशिलांवरचे पांढरे केस पुन्हा डोकावत असतात. बहुतेकींना वाटतं की रंगच हलका निघाला. पण डबा एक, मिश्रण एक, वेळही एकच. वेगळा असतो तो केस. एकाच डोक्यावर तीन तऱ्हेचे केस असतात आणि आपण त्यांना एकाच मापाने रंगवतो.

केस पाणी आणि रंग किती पटकन आत घेतो आणि किती पटकन सोडतो, याला पोरॉसिटी म्हणतात. रंग शिकणाऱ्या मुलींना मी शेड कार्डाच्या आधी हे शिकवते, कारण हे कळलं नाही तर शेड कितीही नेमकी निवडली तरी ती डोक्यावर नेमकी उतरत नाही.

रंग आत जातो म्हणजे काय होतं

केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखे एकावर एक बसलेले पातळ थर असतात. ते क्युटिकल. त्याच्या आत कॉर्टेक्स. केसाचा स्वतःचा रंग तिथे असतो आणि आपल्याला नवा रंगही तिथेच पोचवायचा असतो. नव्या, धड केसावर या कौलांच्या वर एक अगदी पातळ तेलकट थर असतो, त्यामुळे पाणी त्यावर टिकत नाही, ओघळून जातं. ऊन, ड्रायर, स्मूदनिंग, आधीचे रंग यांनी तो थर निघून जातो, कौलं उचकटतात, काही तुटतात. असा केस पाणी चटकन पितो.

डब्यातला कायमचा रंग मुळात रंगच नसतो, आणि ही गोष्ट नवशिक्याने नीट समजून घ्यावी. ट्यूबमध्ये असतात ते बारीक, जवळपास बिनरंगाचे रेणू. अमोनिया किंवा त्याच्या जागी घातलेला दुसरा अल्कली पदार्थ केस फुगवून कौलं उघडतो, बारीक रेणू आत शिरतात, आणि डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांना एकमेकांशी जोडून मोठा रंगीत रेणू तयार करतं. हा मोठा रेणू आला त्या फटीतून सहजी बाहेर पडत नाही, म्हणून रंग टिकतो. हे जोडकाम व्हायला वेळ लागतो, साधारण तीस ते पंचेचाळीस मिनिटं. डब्यावर लिहिलेली वेळ त्यासाठीच असते.

आता यात पोरॉसिटी घाला. कौलं घट्ट मिटलेली असतील तर रेणू आत जायलाच उशीर होतो. पंचवीस मिनिटांनी धुतलं तर थोडेच आत गेलेले असतात, रंग पातळ बसतो. पण जेवढे आत जाऊन पूर्ण तयार झाले तेवढे बराच काळ तिथे राहतात. कौलं उघडी असतील तर दहा मिनिटांतच केस भरून जातो, गडद दिसतो. मात्र दार उघडंच असल्यामुळे प्रत्येक धुण्याला केस फुगतो आणि थोडा रंग पाण्याबरोबर बाहेर येतो. पटकन चढणारा रंग पटकन उतरतो, त्याचं कारण हे.

टोकं तांबूस का होतात, तेही याच्याशी जोडलेलं आहे. पेरॉक्साइड नवा रंग घडवतं आणि त्याच वेळी केसाचा मूळ काळा रंगही थोडा फिका करतं. आपल्या काळ्या केसाखाली तांबडा-नारिंगी रंग दडलेला असतो. वरून चढवलेला रंग धुऊन गेला की तो उघडा पडतो. दर महिन्याला टोकांपर्यंत रंग ओढला की तो दर महिन्याला आणखी थोडा उघडा होत जातो.

पहिलं पाऊल : आपल्या केसाचं वय मोजा

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, काहींचा थोडा जास्त. म्हणून केसाची लांबी म्हणजे त्याची जन्मतारीखच. टेप घ्या, मुळापासून टोकापर्यंत मोजा आणि आठवून लिहा : स्मूदनिंग कधी केलं, हायलाइट्स कधी, रंग कधीपासून.

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण घेते, कारण तिच्या केसात हे सगळं एकाच जागी सापडलं. ताई त्रेचाळीस वर्षांची, राहते पुण्याच्या कडेला, सोसायटीत बोअरचं पाणी. केस चाळीस सेंटिमीटर. म्हणजे टोकांचं वय जवळपास सव्वातीन वर्षं. तीन वर्षं ती दर महिन्याला घरीच गडद तपकिरी रंग मुळापासून टोकापर्यंत लावत होती, म्हणजे तिच्या टोकांनी तोच रंग पस्तीसेक वेळा घेतला होता. दोन वर्षांपूर्वी स्मूदनिंग केलेलं. त्यानंतर चोवीस सेंटिमीटर नवा केस आला, म्हणजे शेवटचे सोळा सेंटिमीटर स्मूदनिंगच्या रसायनातून गेलेले. मुळाशी दीड सेंटिमीटर कोरा केस, कानशिलांवर जवळजवळ सगळा पांढरा.

मी तिला म्हटलं, "ताई, तुझ्या डोक्यावर तीन पट्टे आहेत. आपण तिन्हींना वेगळं वागवायचं."

"अगं, पण दिसायला तर एकच केस आहे," ती म्हणाली. दिसायला होताच. म्हणून पुढची तपासणी हाताने करायची.

दुसरं पाऊल : हाताने आणि पाण्याने तपासा

पेल्यातल्या पाण्यात केस टाकून तो बुडतो की तरंगतो हे पाहण्याची एक चाचणी सगळीकडे सांगतात. ती करण्यात वेळ घालवू नका. बारीक केस पाण्याच्या पृष्ठताणावर तसाच तरंगतो, आणि त्यावर तेलाचा अंश असेल तर नक्कीच तरंगतो. आपल्याकडे तेल न लावलेलं डोकं सापडणं कठीण, त्यामुळे ही चाचणी केसापेक्षा तेलाबद्दलच जास्त सांगते.

त्याऐवजी आदल्या दिवशी केस साध्या शाम्पूने दोनदा धुवा. कंडिशनर नको, सीरम नको, तेल तर नकोच. वाळल्यावर चारपाच केसांची बट घ्या, टोक घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं टोकाकडून मुळाकडे सरकवा. कौलांची तोंडं टोकाकडे असतात, म्हणून उलट दिशेने सरकवताना ती बोटांना लागतात. मुळाशी बोट गुळगुळीत सरकलं आणि टोकाशी खरखरलं, अडकलं, तर फरक तिथेच कळला. मग फवाऱ्याने त्याच बटेवर पाणी मारा. धड केसावर थेंब काही क्षण मण्यांसारखे उभे राहतात. खराब झालेल्या केसावर ते दिसेनासे होतात आणि केस लगेच गडद, मऊ होतो. शेवटी ओली बट हलकेच ताणून पाहा. थोडी ताणून पुन्हा जागेवर आली तर ठीक. रबरासारखी ताणली जाऊन परत आलीच नाही किंवा तुटली, तर त्या भागाला कुठलाही रंग लावू नका, कात्री लावा.

ताईच्या कानशिलांवर पाण्याचे थेंब उभेच राहिले. मधल्या भागात काही क्षणांत मुरले. शेवटच्या सोळा सेंटिमीटरमध्ये फवारा मारताच पाणी गायब. ताणल्यावर मात्र बट परत आली, म्हणून टोकं वाचवता येणार होती.

पांढऱ्या केसाबद्दल एक सांगते. पांढरा केस कोरडा, राठ दिसतो, म्हणून लोकांना वाटतं तो रंग पटकन घेईल. कानशिलांवरचा आणि पुढच्या कडेचा पांढरा केस बहुधा नेमका उलटा वागतो. शिवाय त्यात स्वतःचा काहीच रंग नसल्यामुळे सगळं काम नव्या रंगालाच करावं लागतं. थोडा कमी बसला तरी लगेच दिसतं.

तिसरं पाऊल : बटेवर मिनिटं मोजा

वरच्या तपासणीतून अंदाज मिळतो, मिनिटं मिळत नाहीत. त्यासाठी बटेची चाचणी. हिच्यासाठी माझा सगळ्यात जास्त आग्रह असतो, आणि सगळ्यात जास्त टाळली जाते तीही हीच.

त्याच दिवशी त्वचेची चाचणीही करा : थोडं मिश्रण कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास पाहा. खाज, लाली, फोड आले तर तो रंग तुमच्यासाठी नाही. आधी कधी त्रास झाला नसेल तरी ही चाचणी करायचीच, कारण ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही उपटते.

बटेसाठी कानशिलाजवळचे थोडे पांढरे केस आणि टोकाकडचे थोडे केस कापून घ्या. प्रत्येक गटाच्या तीनतीन जुड्या करा आणि वरच्या बाजूला चिकटपट्टी लावा. डब्यावर दिलेल्या प्रमाणातच चमचाभर रंग आणि डेव्हलपर मिसळा. प्रमाण कंपनीगणिक वेगळं असतं, म्हणून अंदाजाने नको. सगळ्या जुड्यांना जाडसर लावा आणि एकेक जुडी दहा, वीस आणि डब्यावरच्या शेवटच्या मिनिटाला धुवा.

पाहताना एक चूक हटकून होते. मिश्रण हवेत स्वतःच काळं पडत जातं, म्हणून लेपाचा रंग पाहून काहीच ठरवू नका. ओल्या कापसाने लेप पुसून आतला केस पाहा, आणि खरा निर्णय केस वाळल्यावर, दिवसाच्या उजेडात करा. ओला केस नेहमी एक शेड गडद दिसतो.

ताईच्या टोकांची जुडी दहा मिनिटांतच हव्या त्या तपकिरीपर्यंत आली आणि विसाव्या मिनिटाला जवळजवळ काळी झाली. पांढरे केस विसाव्या मिनिटाला फक्त मधासारखे पिवळट होते. पंचेचाळिसाव्या मिनिटाला, म्हणजे तिच्या डब्यावरच्या कमाल वेळेला, ते तपकिरी झाले. उजेडासमोर धरल्यावर किंचित पारदर्शक दिसत होते इतकंच.

मग मी सगळ्या जुड्या तिच्याच घरच्या पाण्याने, तिच्याच शाम्पूने सहा वेळा धुतल्या, प्रत्येक वेळी वाळवून. तासाभराचं काम आहे, पण महिन्याभरात काय होणार ते आजच दिसतं. विसाव्या मिनिटाला काढलेले पांढरे केस जवळपास पुन्हा पांढरे झाले. पंचेचाळीस मिनिटं ठेवलेले टिकले. टोकांच्या तिन्ही जुड्या तांबूस झाल्या, दहा मिनिटांची सगळ्यात जास्त.

हे शेवटचं नीट पाहा. टोकं दहा मिनिटांत गडद झाली म्हणजे रंग मुरला असं नाही. रेणू आत शिरले होते, पण एकमेकांशी जोडले जाऊन मोठे व्हायच्या आतच धुतले गेले. त्यामुळे टोकांना कायमचा रंग फक्त दहा मिनिटं लावणं हा उपाय अर्धवट आहे. आणि पूर्ण वेळ ठेवला तर काळा ठप्पा बसतो, शिवाय पेरॉक्साइडचा आणखी एक मार. दोन्हीकडून अडचण. म्हणून टोकांसाठी रंगाचा प्रकारच बदलावा लागतो.

(चाचणीत मिश्रण गरम झालं, फसफसलं किंवा विचित्र वास आला तर थांबा. पूर्वी लावलेल्या एखाद्या 'हर्बल' पावडरीत धातूचे क्षार असू शकतात आणि ते पेरॉक्साइडशी झगडतात. डोक्यावर कळण्यापेक्षा कापलेल्या जुडीवर कळलेलं बरं.)

चौथं पाऊल : पट्ट्यापट्ट्याने लावा

दोन दिवस तेल नाही. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं. एरवी ही चांगलीच गोष्ट. धुण्याआधी लावलेलं खोबरेल केसातली प्रथिनं वाहून जाण्यापासून वाचवतं, हे मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवलं आहे. पण रंगाच्या दिवशी तेच तेल वाटेत उभं राहतं, आणि जिथे जास्त लागलंय तिथे रंग कमी बसतो.

ताईच्या मधल्या आणि टोकाच्या भागाला मी आधी साधं कंडिशनर जाडसर चोपडलं, वेणीसारखं गुंडाळून वर बांधलं. मिश्रण ओघळलं तरी टोकं ते पिऊ नयेत म्हणून. मग कायमचा रंग, ६ टक्के म्हणजे वीस व्हॉल्यूम डेव्हलपरमध्ये, फक्त कोऱ्या दीड सेंटिमीटरला. सुरुवात कानशिलांपासून आणि भांगाच्या पुढच्या भागापासून, कारण तिथला केस सगळ्यात हट्टी. भांग अर्धा सेंटिमीटरच्या अंतराने पाडायचे. जाड बट घेतली की आतला पांढरा केस कोराच राहतो आणि दोष वेळेला दिला जातो. रंग चोळायचा नाही, ब्रशने भरपूर थापायचा. पातळ थर लवकर वाळतो आणि वाळलेला रंग काम करणं थांबवतो.

कानशिलं झाल्यावर दहा मिनिटांनी टाळूचा मागचा भाग आणि मान. तिथे केस काळेच जास्त होते आणि त्यांना पस्तीस मिनिटं पुरे होती. डोक्याच्या उबेनेही मुळांशी काम थोडं वेगाने होतं. पंचेचाळीस मिनिटांना सगळं एकदम धुतलं. डब्यावरची कमाल वेळ ओलांडायची नाही. त्यापुढे रंग जास्त बसत नाही, टाळूची आग मात्र वाढते.

टोकांना त्या दिवशी काहीच लावलं नाही. आठवड्याने त्या सोळा सेंटिमीटरला बिनअमोनियाचा, काही आठवड्यांत उतरणारा डेमी-पर्मनंट रंग लावला, त्याच्याबरोबर आलेल्या सौम्य डेव्हलपरमध्ये. मुळांना ४ नंबरचा तपकिरी होता, टोकांसाठी ५ नंबर घेतला, म्हणजे एक पायरी फिका. उघडा केस शेडला एक पायरी गडद करतो, तेवढी जागा आधीच सोडायची. आणि छटा सोनेरीकडे झुकलेली, .३ ची. पोरस टोकांवर .१ म्हणजे राखी छटा घेतली तर ती अधाशासारखी चढते आणि केस मळकट, कधी हिरवटही दिसतात. 'तांबूसपणा मारायला राखी' हा सल्ला टोकांना जपून लावावा. सातव्या मिनिटाला पुसून पाहिलं, बाराव्याला धुतलं.

तुमचा केस कुठल्याही उपचाराविना वाढलेला, वरपासून खालपर्यंत गुळगुळीत असेल तर यातलं टोकांचं सगळं सोडून द्या. तुम्हाला हवं ते फक्त तेल नसलेलं डोकं, पातळ भांग आणि डब्यावरची पूर्ण वेळ. रंग चढत नाही म्हणून तीस-चाळीस व्हॉल्यूमचा डेव्हलपर घेऊ नका. त्याने पांढरे केस झाकले जात नाहीत, काळे मात्र उजळतात आणि पुढच्या वेळची टोकं आजच तयार होतात.

मेंदीचा हिशेब वेगळा. मेंदीतला रंगद्रव्याचा रेणू मुळातच रंगीत असतो आणि केसातल्या केराटिनला चिकटून बसतो, म्हणून तो धुण्याने फारसा जात नाही. तिथे पोरस टोकं रंग गमावत नाहीत, थरावर थर साठवत जातात आणि मुळं नारिंगी असताना टोकं जांभळट-काळी होतात. उपाय सोपा : दर वेळी फक्त मुळांना लावायची. दुकानात 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या बहुतेक पुड्यांत मात्र रासायनिक रंगच असतो. त्वचेच्या चाचणीपासून सगळे नियम त्यांना लागू.

नंतरचे सहा आठवडे

पहिलं धुणं किमान दोन दिवसांनी. त्यानंतर कोमट नव्हे, साध्या गार पाण्याकडे झुकलेलं पाणी, कारण गरम पाण्यात केस जास्त फुगतो. आठवड्यातून दोन धुणी पुरे. दर धुण्याला कंडिशनर फक्त मधल्या भागापासून खाली. ते सौम्य आम्लधर्मी असतं आणि उचकटलेली कौलं थोडी खाली बसवतं. तुटलेली कौलं ते परत आणत नाही, कुठलीच बाटली आणत नाही.

बोअरच्या पाण्यातले क्षार पोरस टोकांत बसतात, केस राठ होतो आणि पुढच्या वेळी रंग डाग-डाग बसतो. ताईला मी शेवटचा तांब्याभर पाणी पिण्याच्या फिल्टरचं वापरायला सांगितलं, आणि पुढच्या रंगाच्या दोन दिवस आधी क्षार काढणाऱ्या शाम्पूने एक धुणं. त्या शाम्पूने रंगही थोडा निघतो, म्हणून दर आठवड्याला नाही.

सहा आठवड्यांनी ती आली तेव्हा कानशिलांवरचा रंग जागेवर होता, खाली नवी पांढरी रेघ दिसत होती एवढंच. टोकं फिकी झाली होती, पण तांबडी नव्हती, मधाळ तपकिरी होती. मी चार सेंटिमीटर कापले. सोळाचे बारा उरले, आणि त्या दीड महिन्यात मुळाशी आणखी दीड सेंटिमीटर धड केस आला होता. वहीत तिच्या नावापुढे लिहिलं : कानशिलं ४५, टाळू ३५, टोकं डेमी ५.३, १२ मिनिटं. पुढच्या वेळी १० ला पुसून पाहणे.